एप्रिलची कोरी वही



मागच्या लेखाखाली काही जणांनी विचारले होते, की शाळा सुटल्यावर तुमचे कसे चालले आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या एका लहान मुलाने तर सरळच विचारले, "सर, तुम्ही आता रोज घरीच असता, मग काम काय करता?" त्या दिवशी उत्तर देता आले नाही. आज देतो. यात आम्ही म्हणजे आम्ही नवरा-बायको दोघे. काम दोघांचे आहे, म्हणून फजितीही दोघांच्या नावावर लिहितो.

ज्या खासगी शाळेत आम्ही इतिहास आणि मराठी शिकवत होतो, तिथल्या काही जागा मार्चअखेर कमी झाल्या, त्यात आमची गेली. पगार नऊ हजार होता. मोठा नव्हता, पण सात तारखेला यायचा. हाताशी बी.ए.ची पदवी होती, एक जुना लॅपटॉप होता आणि दोन भाषा होत्या. लामता मध्य प्रदेशात, सासुरवाडी गोंदियाच्या पुढे, म्हणजे घरात मराठी आणि बाजारात हिंदी. आमच्या भागात हे नवलाचे नाही. 1956 साली राज्ये नव्याने आखली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिले आणि शेजारचा भंडारा, ज्यात तेव्हा गोंदियाही होते, तो मुंबई राज्यात गेला. रेघ नकाशावर पडली, सोयरीक तशीच राहिली. तेव्हा ठरवले, की घरी बसून भाषांतराची कामे घ्यायची. कोणाची नोकरी नाही, ज्याचे काम त्याचे पैसे. याला आता सगळे फ्रीलान्सिंग म्हणतात.

एक एप्रिलला शंभर पानी वही आणली आणि पहिल्या पानावर तीन रकाने आखले: तारीख, काम कोणाचे, रक्कम. तीस एप्रिलला ते पान जसे आखले होते तसेच होते.

हातावर हात ठेवून बसलो होतो असे नाही. त्या महिन्यात एक्केचाळीस ईमेल पाठवले. पुणे, मुंबई, दिल्ली, बंगळूर, जिथे भाषांतराची कंपनी दिसली तिथे. सगळ्यांना एकच पत्र, फक्त वरचे नाव बदललेले. त्यात लिहिले होते, की आम्ही हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत सर्व प्रकारचे भाषांतर, टायपिंग, लेखन आणि डेटा एंट्री वाजवी दरात व वेळेत करून देऊ. आज ते पत्र वाचले की हसू येते. दुकानाच्या पाटीवर "येथे सर्व काही मिळेल" असे लिहिले असेल, तर सुई घ्यायला आलेला माणूससुद्धा आत शिरत नाही, कारण सुई आहे की नाही हेच त्याला कळत नाही.

उत्तरे तीन आली. एक म्हणाले, तुमचे नाव यादीत ठेवले आहे. दुसऱ्यांनी घरबसल्या पाने टाईप करण्याचे मोठे काम देऊ केले, महिना अठरा हजार, फक्त सुरुवातीला पंधराशे रुपये नोंदणीचे भरा. आमची ही म्हणाली, "अहो, काम देणारा पैसे देतो की मागतो?" तेवढ्या एका प्रश्नाने पंधराशे वाचले. नंतर दोन ओळखीच्या माणसांनी अशाच जागी पैसे घातल्याचे कळले. एकाला तर पाने टाईप करून दिल्यावर "चुका फार आहेत, करार मोडला" म्हणून उलट दंडाची नोटीस आली होती. काम देण्याआधी पैसे मागितले, मग त्याला नोंदणी म्हणोत, अनामत म्हणोत की सॉफ्टवेअरची किंमत, तिथून उठावे.

तिसरे उत्तर खरे वाटले. त्यांनी चाचणी म्हणून भाषांतराला मजकूर पाठवला, अठराशे शब्दांचा. दोन दिवस-दोन रात्री बसून केला. पाठवल्यावर तिकडून अवाक्षर नाही. पुढे कळले, की चाचणी दोनशे-तीनशे शब्दांची असते. अठराशे शब्द ही चाचणी नव्हे, ते फुकट करून घेतलेले कामच असते.

महिन्याच्या शेवटी घर हिच्या शिकवण्यांवर चालले होते. संध्याकाळी अंगणात सहा मुले बसायची आणि आम्ही आत लॅपटॉप उघडून इनबॉक्सकडे बघत राहायचो. रविवारी मिस्सा झाल्यावर लोक भेटले की लवकर सटकायचो. कोणी वाईट बोलत नव्हते, पण "काय, मिळाले का काही?" हे ऐकायची ताकद नव्हती.

मे महिन्यात सासुरवाडीला गेलो. इथली छोटी लाईन जाऊन मोठी लाईन झाल्यापासून लामत्याहून बालाघाट आणि पुढे गोंदिया एका दमात जाता येते. साळेभाऊंची धानाची शेती आहे. जेवणे झाल्यावर ते खाटेवर बसून एक रंगीत पत्रक वाचत होते आणि मधेच थांबून म्हणाले, "भाऊजी, तुम्ही शिकलेले आहात, हे सांगा बरं. आम्हा शेतकऱ्यांना शिक्षा कशापायी देऊन रायले हे लोक?"

पत्रकावर ठळक अक्षरात छापले होते: "शेतकरी शिक्षा शिबिर".

सगळे हसले. कोणीतरी मूळ हिंदी पत्रकाचे मराठी केले होते. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. शब्द तोच, अक्षरे तीच, म्हणून करणाऱ्याने उचलून तसाच ठेवला होता. आम्ही पत्रक हातात घेतले आणि पुढे वाचू लागलो, तेव्हा हसू ओसरले. खाली एक ओळ होती: "शेत खाली असल्यास लगेच नांगरणी करावी." साळेभाऊंना विचारले, याचा अर्थ काय लावलात? ते म्हणाले, "खाली म्हणजे खालची बांधी, खोलगट. आपल्या वरच्या बांध्यांना हे लागू नाही." मूळ हिंदीत "खेत खाली होने पर" असणार, म्हणजे पीक निघून शेत रिकामे झाल्यावर. ती सूचना सगळ्या शेताला होती. वाचणाऱ्याने ती अर्ध्याच शेताला लावली असती, आणि त्यात त्याची काहीच चूक नव्हती. वाक्य व्याकरणाने शुद्ध होते. अडखळायला त्यात काही नव्हते, म्हणून ही चूक शिक्षेच्या चुकीपेक्षा वाईट. शिक्षा वाचून माणूस हसतो आणि सावध होतो, खाली वाचून तो बिनधास्त पुढे जातो.

त्या रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली आम्ही दोघे लाल पेन घेऊन बसलो. ही शेतकऱ्याची मुलगी, धानाचे शब्द तिचे. हिंदी आमची. एकवीस दिवसांचे "झाड" लावा असे लिहिले होते, कारण हिंदीतला पौधा. ते रोप हवे. "आपत्ती असल्यास सात दिवसांत लिहून कळवावे" असे होते. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत, आपल्याकडे आपत्ती म्हणजे पूर किंवा आग. "रोपाई" तशीच ठेवली होती. पुण्याकडचा भाषांतरकार असता तर त्याने भात लावणी लिहिले असते, तेही मराठीच, पण हिच्या माहेरी कोणी भात लावत नाही. तिथे धान असते आणि त्याची रोवणी होते, रोपे वाढवतात त्यांना पऱ्हे म्हणतात. पत्रक त्यांच्यासाठी होते.

शेवटी टायपिंगची एक खूण दिसली, ती तुम्हालाही उपयोगी पडेल. सगळीकडे "शेतकर्यांच्या" छापले होते. आपण "शेतकऱ्यांच्या" लिहितो, तिथला तो आडवा, पापणीसारखा र हिंदीत लागत नाही, म्हणून हिंदी टायपिंगची सवय असलेला माणूस नेहमीचा रफार देऊन मोकळा होतो. आधी पूर्ण ऱ, मग हलन्त, मग य असे टाईप केले की तो येतो. मराठी कागदावर "शेतकर्यांच्या" किंवा "दुसर्या" दिसले, की समजावे हा मजकूर मराठी डोळ्यांखालून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी पत्रकाच्या तळाशी छापलेला पत्ता शोधत गोंदियातल्या त्या छापखान्यात गेलो. मालक वयस्क, घाईत. लाल खुणांचा कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "भाऊ, आम्ही फक्त छापतो. पार्टीने दिलं तसं छापलं." त्यांचे खरे होते. आम्ही म्हणालो, चूक काढायला नाही आलो, पुढच्या वेळी छापण्याआधी आम्हाला दाखवा एवढेच सांगायला आलो. ते काही बोलले नाहीत. मग खाली ओणवून एक सोळा पानी पुस्तिका काढली आणि पुढे टाकली, "ही उद्या मशीनवर जाणार. बघा काय दिसते."

तिथेच बाकावर बसून तीन तास वाचली. अठ्ठावीस चुका निघाल्या, त्यातल्या चार अर्थ बदलणाऱ्या. तीनशे रुपये मिळाले. वहीत पहिली ओळ लिहिली ती गोंदिया स्टेशनच्या फलाटावर.

दुरुस्त्या संगणकावर चढवताना एक अडचण आली. छापखान्याच्या फाईली जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये होत्या. त्या फॉन्टमध्ये अक्षर हे खरे देवनागरी नसते, आत इंग्रजी अक्षरेच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. आमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता, म्हणून भारत या शब्दाच्या जागी `Hkkjr` दिसू लागले. आम्हाला वाटले फाईल बिघडली. मालकांच्या ऑपरेटरने पाच मिनिटांत समजावले. आज आम्ही काम घेण्याआधी पहिला प्रश्न हाच विचारतो, मजकूर युनिकोडमध्ये हवा की जुन्या फॉन्टमध्ये. हे न विचारता पाठवलेले चांगले भाषांतरही छापखान्यात चौकोन-चौकोन होऊन उघडते आणि नाव आपले जाते.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा अठरावा अध्याय आम्ही मुलांना कितीदा शिकवला असेल. पौल करिंथला जातो, तिथे अक्विला आणि प्रिस्किल्ला या नवरा-बायकोकडे उतरतो, आणि का उतरतो, तर त्यांचाही धंदा तंबू करण्याचाच होता म्हणून. आम्ही हे वाक्य नेहमी धावत ओलांडायचो, पुढच्या उपदेशाकडे जायची घाई. तो नव्या गावात आधी आपल्याच धंद्याच्या माणसांकडे गेला, हे छापखान्याच्या बाकावर बसल्यावर लक्षात आले. आम्ही महिनाभर अनोळखी कंपन्यांची दारे ठोठावत होतो, आणि ज्यांचे काम आमच्या कामाला लागून आहे असा छापखाना, टायपिस्ट, दुकानदार यांतल्या एकालाही विचारले नव्हते.

जूनमध्ये जुने पत्र टाकून दिले. नवे चार ओळींचे केले: आम्ही फक्त हिंदीतून मराठीत भाषांतर करतो आणि झालेले भाषांतर तपासतो. शेती, आरोग्य आणि शाळेचे साहित्य घेतो. विदर्भातला वाचक असेल तर त्याच्या बोलीचे शब्द आम्हाला ठाऊक आहेत. सोबत एक पान. त्या पानावर डावीकडे चुकीचे वाक्य, उजवीकडे दुरुस्त, खाली एका ओळीत कारण. पत्रक कोणाचे होते ते अर्थातच पुसून टाकले. डेटा एंट्री गेली, इंग्रजी गेली, "सर्व प्रकारचे" गेले. हे खोडताना हात अडखळत होता. काम नसताना कामाची दारे आपणच बंद करायची, हे उलटे वाटत होते.

या वेळी बाराच जणांना पाठवले. उत्तरे चार आली. दोघांनी चाचणी दिली, अडीचशे शब्दांची. एका ठिकाणी पास झालो आणि पहिले खरे काम आले, साडेअकराशे हिंदी शब्द, शब्दाला ऐंशी पैसे.

या दराची एक खोच आहे. पैसे मूळ मजकुराच्या शब्दांवर मोजायचे की भाषांतराच्या, हे आधी ठरवावे लागते. हिंदीत "किसानों के खेतों के लिए" हे पाच शब्द होतात. मराठीत "शेतकऱ्यांच्या शेतांसाठी", दोनच. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मजकूर तोच असून शब्द घटतात. आमचे साडेअकराशे हिंदी शब्द मराठीत नऊशेतीस झाले. मूळावर मोजले तर 920 रुपये, भाषांतरावर मोजले तर 744. एकशे शहात्तर रुपये केवळ आपली भाषा आटोपशीर आहे म्हणून कमी! हे आम्हाला त्या कंपनीतल्या एका ताईंनी फोनवर आपण होऊन सांगितले आणि मूळ शब्दांवर बिल करायला लावले. त्या काही बोलल्या नसत्या तर आम्ही कमीचेच बिल पाठवले असते.

पण 920 रुपये लगेच आले असे समजू नका. बिल 28 जूनला पाठवले, पैसे पंचेचाळीस दिवसांनी देण्याची त्यांची रीत. ते खात्यावर पडले 12 ऑगस्टला. त्यामुळे एप्रिलच्या कोऱ्या महिन्याचा चटका खरा बसला तो जुलैत. जुलैत हातात काम होते, वहीत ओळी भरत होत्या आणि किराण्याचे पैसे नव्हते. या कामात पडू पाहणाऱ्या तरुणांना आम्ही एवढेच सांगतो, की पहिले काम मिळेपर्यंतचा खर्च बाजूला काढला असेल तर त्यात आणखी दोन महिन्यांचा घाला. आमच्याकडे तो नव्हता. शिकवण्यांनी आणि साळेभाऊंच्या तांदळाच्या पोत्याने तो काळ निभावला.

आज स्थिती अशी, की छापखान्याकडून महिन्याला दोन-तीन पुस्तिका येतात, दोन कंपन्यांची कामे येतात. दिवाळीच्या महिन्यात 6,400 झाले, तो सर्वांत चांगला महिना. शाळेचा पगार अजून गाठलेला नाही, आणि शिकवण्या चालूच आहेत. एका कंपनीने काम देणे बंदही केले, कारण आम्ही एक काम दोन दिवस उशिरा दिले. वीज गेली होती हे खरे, पण त्यांना ते आधी कळवले नाही हेही खरे.

वहीच्या मागच्या बाजूने आता शब्दांची यादी चालू केली आहे, हिंदीत एक अर्थ आणि मराठीत दुसरा असणाऱ्यांची. चेष्टा, म्हणजे तिकडे प्रयत्न आणि इकडे थट्टा. अभ्यास, तिकडे सराव. संसार, तिकडे जग. प्रकृती, तिकडे निसर्ग. आकडा एकशे बारावर आला आहे. त्यातले पंधरा तरी वर्गातल्या मुलांनी सांगितले, कारण ती शाळेत हिंदी आणि घरी मराठी बोलतात आणि रोज यात फसतात. ज्या मुलाने काम काय करता म्हणून विचारले होते, त्याने परवा वर्ग सुटल्यावर थांबून एक शब्द दिला: दादा. त्याच्या हिंदीच्या पुस्तकात दादा हे आजोबा होते, आणि त्याचा दादा सातवीत आहे. तो शब्द यादीत आधीच होता. तरी त्याच्यासमोर वही उघडून पुन्हा लिहिला.